तुळस मान टाकते: तहानेनं की पाण्यानं?

गेल्या वर्षी आमच्या घरच्या मंडळींसाठी मी तुळशीचा एक छोटा व्हिडिओ केला होता. पन्नास सेकंदांचा, खाली मराठी आणि कन्नड अशा दोन्ही ओळी, कारण आमच्या घरात सून धारवाडकडची आहे आणि शेजारही तसाच मिसळलेला. अंघोळ करून तांब्याभर पाणी घाला, हळदकुंकू वाहा, दिवा लावा, प्रदक्षिणा घाला, मंजिऱ्या खुडा. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘रोज पाणी घाला’. सगळ्यांना आवडला. जुलैत खानापूरहून आत्याचा फोन आला, “पाणी तर रोज घालतोय की आम्ही, तरी मान टाकायलीय बघ तुळस.”

चूक त्या शेवटच्या ओळीत होती, आणि ती माझी होती. तुळशीला वाहायचं पाणी आणि तुळशीला प्यायचं पाणी या दोन गोष्टी मी एकाच वाक्यात कोंबल्या होत्या. उन्हाळ्यात ते चालून जातं. खानापुरात जुलैत चालत नाही.

आत्याच्या दारातलं वृंदावन नवं आहे, सिमेंटचं, वरून टाइल लावलेलं. जुनं दगडी होतं ते आतून पोकळ होतं आणि तळाला थेट जमीन होती, त्यामुळे वरून कितीही पाणी पडलं तरी खाली मुरून जायचं. नव्याचा तळ बंद. मी गेले तेव्हा पाऊस तीन दिवस सलग चालू होता, आणि त्या पावसात आत्या एक तांब्या, सून एक तांब्या, संध्याकाळी दिवा लावताना माझी चुलत बहीण आणखी एक तांब्या घालत होती. घरचा तांब्या पाऊण लिटरचा, म्हणजे दिवसाला सव्वादोन लिटर, पावसाचं वेगळंच. झाड मान टाकतंय म्हटल्यावर कुणीतरी चौथा तांब्याही सुरू केला होता. शेजारच्या अक्का कुंपणापलीकडून बघून एवढंच म्हणाल्या, “नीरु हेच्चागिदे.” पाणी जास्त झालंय.

त्यांचं बरोबर होतं, पण आत्याला ते पटेना, आणि तिचंही समजण्यासारखं आहे. तहानेलं झाड आणि पाण्यात गुदमरलेलं झाड लांबून हुबेहूब सारखं दिसतं. पान ताठ उभं राहतं ते त्याच्या आत भरलेल्या पाण्यामुळे. तहानेल्या झाडाच्या मातीत पाणीच नसतं, म्हणून पान लोंबतं. बुडालेल्या झाडाच्या मातीत पाणी भरपूर असतं, पण मातीच्या कणांमधली हवा त्या पाण्यानं हाकलून लावलेली असते. मुळांना श्वासाला हवा लागते. ती मिळाली नाही की मुळं मरायला लागतात, मग बुरशी त्यांना कुजवते, आणि कुजलेलं मूळ पाणी वर चढवू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेनं वाळतं. आपण बघतो लोंबलेली पानं, आणि प्रेमानं आणखी एक तांब्या ओततो.

ओळखायचं कसं, तर आधी बोट घालून. पानं बघायच्या आधी माती बघायची. बोटाची दोन पेरं मातीत जाऊ द्या. कोरडी आणि भुसभुशीत लागली तर तहान. ओली, चिकट, थंड लागली आणि तरी पानं लोंबत असतील तर पाणी जास्त. ही एक खूण पुरते. शंका राहिलीच तर पानांना हात लावा. तहानेलं पान पातळ, कोरडं, कडेनं कुरकुरीत होतं. गुदमरलेल्या झाडाची खालची पानं आधी पिवळी पडतात, मऊ राहूनच गळतात, आणि बोट लागताच देठासकट हातात येतात. मातीला आंबूस, गटारासारखा वास येतो. मातीवर हिरवट शेवाळ आणि बारीक काळी चिलटं दिसली तर ती माती कित्येक दिवस सुकलेलीच नाही असं समजा.

एक अपवाद मात्र आहे. मे महिन्यात दुपारी दोनला तुळस थोडी मान टाकते आणि सूर्य कलला की आपोआप उभी राहते. हे आजारपण नव्हे. पहाटेही मान खालीच असेल तर काळजी करायची.

आत्याच्या तुळशीची माती ओली चिखल होती, वासही येत होता. नखानं बुंध्याची साल मातीच्या लगत किंचित खरवडली तर आत तपकिरी, पण चार बोटं वर खरवडली तर हिरवी. म्हणजे झाड अजून वाचण्यासारखं होतं. बुंधा वरपर्यंत तपकिरी असता तर त्याच्या मागे न लागता नवं रोप आणलं असतं.

आम्ही तुळशीला नमस्कार करून ती मातीसकट उचलली. मुळं पाण्यात हलक्या हातानं धुतली. चांगलं मूळ पांढरट आणि चिवट असतं, कुजलेलं तपकिरी, आणि ओढलं की त्याची साल सुटून आत दोऱ्यासारखं उरतं. तशी सगळी कात्रीनं कापली, निम्म्याहून जास्त गेली. मुळं कमी झाली म्हणजे त्यांच्यावरचं ओझंही कमी हवं, म्हणून शेंड्याकडचा तिसरा हिस्साही छाटला. आत्याला छाटताना वाईट वाटत होतं. तोडलेले शेंडे टाकले नाहीत. बिनमंजिरीच्या चार शेंड्यांची खालची पानं काढून ते पाण्याच्या पेल्यात ठेवले, मूळ झाड गेलंच तरी त्याच तुळशीचं रोप घरात राहावं म्हणून. दहा-बारा दिवसांत त्यांना पांढरी मुळं फुटली.

माती नवी केली. दोन भाग परसातली तांबडी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग जुनं, वास गेलेलं शेणखत. दहा इंची मातीच्या कुंडीत लावलं आणि ती कुंडीच वृंदावनाच्या पोकळीत ठेवली, तळाला दोन विटांचे तुकडे देऊन, म्हणजे भोकातून पाणी निथळेल. सिमेंटच्या तळालाही गवंड्याकडून बोटाएवढं भोक पाडून घेतलं. त्याआधी पहिले सहा दिवस कुंडी पागोळ्यांपासून दूर, पडवीत उजेडाला ठेवली. पाणी रोप लावताना एकदाच, मग बोट कोरडं आल्याशिवाय नाही. पावसाळी दिवसांत ते कोरडं यायला आठ दिवस लागले.

आठ दिवस तुळशीला पाणी नाही, हे आत्याला सहन होईना. “रोज पाणी न घालता पूजा कशी व्हायची गं?” माझा व्हिडिओ जिथे चुकला होता ती जागा हीच. पूजेच्या पाण्याला माप नसतं, ते अर्पण असतं. देवघरातल्या पंचपात्रातली एक पळी बुंध्याशी वाहिली की अर्पण झालं, आणि पळीभर पाण्यानं कुंडीतली माती भिजतसुद्धा नाही. उरलेला तांब्या वृंदावनाच्या पायरीवर घालून रांगोळीची जागा धुवायची. आत्याला हे लगेच पटलं, कारण एकादशीला तुळशीचाही उपास म्हणून तिच्या सासूबाई पाणी घालतच नव्हत्या. म्हणजे पाणी न घालण्याचा दिवस तिच्या घरच्या रीतीत आधीच होता.

पूजेतल्या इतर गोष्टींचंही तसंच. हळदकुंकू पानांवर, बुंध्यावर न उधळता वृंदावनाच्या भिंतीला लावायचं. दूध वाहायचंच असेल तर थेंबभर, कारण दूध मातीत आंबतं आणि मुंग्या येतात. उदबत्ती मातीत खोचायची नाही. दिव्याची ज्योत पानांपासून वीतभर तरी दूर.

आता दुसरी बाजू, कारण सीमाभाग म्हणजे फक्त खानापूर नव्हे. अथणीला माझी मैत्रीण राहते, तिच्या गच्चीवर काळ्या मातीत, पत्र्याच्या डब्यात तुळस होती. एप्रिलमध्ये तीही मान टाकायची आणि मैत्रीण रोज पाणी घालायची. खालच्या भोकातून पाणी वाहून यायचं, म्हणून तिला वाटलं पाणी भरपूर झालं, आता कमी करावं. बोट घालून बघितलं तर कडेला ओलं आणि मध्ये दगडासारखं कोरडं. काळी माती सुकली की आकसते, डब्याच्या कडेपासून सुटते, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मुळांना त्यातला घोटही मिळत नाही. इथे दिसत होतं पाणी जास्त, आणि होती तहान.

तिला सांगितलं, डबा बादलीभर पाण्यात बुडवून ठेव, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. वीसेक मिनिटं लागली. मग निथळायला ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पानं उभी होती. तहानेलं झाड असं पटकन सावरतं, हीसुद्धा खूणच आहे. कुजलेल्या मुळांचं झाड एका रात्रीत उभं राहत नाही. पुढे तिनं मातीत वाळू आणि शेणखत मिसळलं, आणि उन्हाळाभर रोज सकाळी एक लिटर पाणी दोन वेळा थांबून थांबून घातलं. तिच्याकडे तांब्याभर पाण्याची पूजा आणि झाडाची तहान एकाच वेळी भागते, तिला पळी आणि तांब्या वेगळं करायची गरज नाही.

व्हिडिओ मी पुन्हा केला. पूजेच्या ओळी कुंकवाच्या रंगात, झाडाच्या ओळी हिरव्या, आणि दोन्ही रंग एका ओळीत कुठेही नाहीत. कुंकवाच्या रंगात, ‘पळीभर पाणी वाहा’. त्यानंतर हिरव्यात, ‘बोट घाला, कोरडं असेल तरच पाणी’. एका ओळीत पाच-सहा शब्दच, आणि ती तीन सेकंद तरी पडद्यावर राहते, म्हणजे आत्याला चष्मा लावून वाचायला वेळ मिळतो. बोटाच्या ओळीला पाच सेकंद दिली आणि माझं बोट मातीत जाताना जवळून दाखवलं, कारण सगळ्यात आधी विसरली जाते ती तीच पायरी. ‘रोज पाणी घाला’ ही ओळ काढून टाकली.

आत्याच्या तुळशीला ऑगस्टच्या शेवटी खालच्या छाटलेल्या फांद्यांवर नवे कोंब आले. कार्तिकात तिच्या तुळशीच्या लग्नाला ऊस बांधला, आणि सुनेच्या माहेरच्या रीतीनं आवळ्याची फांदी कुंडीत न खोचता बाजूला विटेच्या फटीत उभी केली. पेल्यातल्या चार शेंड्यांपैकी तीन जगले, त्यातलं एक रोप शेजारच्या अक्कांकडे गेलं.