बॅकअप पुसण्याची चावी कोणाकडे?

फाइली न वाचता येण्याजोग्या करून खंडणी मागणारे रॅन्समवेअरवाले संगणकात शिरले की लगेच खतावणीला हात लावत नाहीत. आधी बॅकअप शोधतात, कारण तो शाबूत असेल तर खंडणी देणार कोण? विंडोजने स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती तर एका ओळीत जातात:

```
vssadmin delete shadows /all /quiet
```

समजा, निपाणीची एक सौहार्द पतसंस्था आहे. पिग्मी, ठेवी, कर्जखाती मिळून ४० जीबी माहिती. रोज रात्री एक प्रत सर्व्हरला जोडलेल्या हार्ड डिस्कवर जाते, दुसरी क्लाउडवर. क्लाउडचा पासवर्ड मात्र सर्व्हरवरच साठवलेला. मग दोन प्रती असून उपयोग काय? सर्व्हर ज्याच्या हाती, त्याच्याच त्या दोन्ही.

क्लाउडवर व्हर्जनिंग चालू असेल, तर बिघडलेली फाइल वर गेली तरी कालची आवृत्ती खाली शिल्लक राहते. पण पुरेसे अधिकार असलेला माणूस जुन्या आवृत्त्याही पुसू शकतो. म्हणून त्यांवर मुदतीचे कुलूप घालतात. ॲमेझॉनच्या एस३ या क्लाउड साठवणसेवेत त्याला ऑब्जेक्ट लॉक म्हणतात. त्याच्या गव्हर्नन्स प्रकारात खास परवानगीवाल्याला कुलूप काढता येते. कंप्लायन्स प्रकारात मुदतीआधी ती आवृत्ती खुद्द खातेमालकालाही पुसता येत नाही. अख्खे खातेच बंद करणे एवढी एकच वाट उरते. त्यामुळे मालकाचा पासवर्ड सर्व्हरच्या आसपासही नको.

खरी गोम मुदतीत आहे. समजा, कुलूप १४ दिवसांचे आहे. घुसखोराने ५ जूनला रात्रीचा बॅकअप गुपचूप बंद केला आणि तो थांबून राहिला. ४ जूनच्या शेवटच्या प्रतीचे कुलूप १८ तारखेला सुटले. २० तारखेला त्याने सगळ्या प्रती पुसल्या आणि मग खतावणी न वाचता येण्याजोगी केली. मुदत ३० दिवसांची असती, तर ४ जूनची प्रत ४ जुलैपर्यंत जागची हलली नसती. तरी मधल्या सोळा दिवसांच्या नोंदी पावत्यांवरून पुन्हा भराव्या लागल्या असत्या. म्हणून ताज्या प्रतीची तारीख आणि आकार रोज सकाळी दुसऱ्या संगणकावरून पाहावा; ‘बॅकअप झाला’ हा सर्व्हरचाच निरोप घुसखोरालाही पाठवता येतो.

तारेने न जोडलेल्या डिस्कपर्यंत तर कोणताच पासवर्ड पोहोचत नाही. २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे उद्ध्वस्त केले. कर्मचाऱ्यांच्या लॉगिनची यादी सांभाळणाऱ्या सर्व्हरांपैकी घानातला एकच वाचला, तोही तिथली वीज गेली होती म्हणून! आपल्याकडे वीज जाण्याचा तुटवडा नाही, पण भरवसा त्यावर नको. दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात: एक शनिवारी प्रत घेण्यापुरती जोडावी, तेव्हा दुसरी बेळगावच्या शाखेत लॉकरमध्ये असावी. जोडलेल्या क्षणी व्हायरस जागा असेल, तर जाईल ती एकच.

महिन्यातून एकदा नेटवर्कबाहेरच्या संगणकावर प्रत उघडून पिग्मीची बेरीज छापील रोजकीर्दीशी ताडावी. खऱ्या हल्ल्यानंतर जुन्या प्रतीतून फक्त खात्यांची माहिती घ्यावी. विंडोज आणि संस्थेचे सॉफ्टवेअर नव्याने टाकावे, कारण घुसखोर ज्या वाटेने आला ती त्या प्रतीतही असू शकते.