पोकळ वर्तुळाकार स्तंभाच्या छेदाचा गाभा आणि भाराची अनुज्ञेय उत्केंद्रता

स्तंभावरचा भार छेदाच्या मध्यबिंदूतून जात नसेल, तर त्याचे मध्यापासूनचे अंतर म्हणजे उत्केंद्रता. उत्केंद्रता वाढत गेली की भाराच्या विरुद्ध कडेवरचा दाब कमी होत शेवटी शून्यावर येतो, आणि त्यापुढे तिथे ताण सुरू होतो. भार ज्या भागात कुठेही ठेवला तरी छेदावर कोठेच ताण येत नाही, त्या मधल्या भागाला छेदाचा गाभा म्हणतात. वीटकाम, दगडी बांधकाम आणि बिनसळईचे काँक्रीट यांची ताण सोसण्याची क्षमता नगण्य असते, म्हणून अशा स्तंभांसाठी गाभ्याची सीमा हीच अनुज्ञेय उत्केंद्रतेची मर्यादा ठरते.

बाहेरचा व्यास D आणि आतला व्यास d असलेल्या छेदावर भार P हा e इतक्या उत्केंद्रतेने आहे असे समजू. छेदाचे क्षेत्रफळ A धरले, तर भाराचे थेट प्रतिबल P/A सगळीकडे सारखे असते. त्यात नमनाचे प्रतिबल Pe/Z मिसळते; इथे Z म्हणजे छेद नमनाला किती विरोध करतो ते सांगणारा छेद-गुणांक. ते भाराच्या बाजूला दाब वाढवते आणि समोरच्या कडेला तेवढाच कमी करते. समोरच्या कडेला ताण येऊ नये, तर Pe/Z हे P/A पेक्षा मोठे असता कामा नये. म्हणजेच e ही Z/A च्या आत हवी. A = π(D² − d²)/4 आणि Z = π(D⁴ − d⁴)/(32D) ही मूल्ये घातली की (D² − d²) हा अवयव वर-खाली कटतो आणि उरते:

```
e = (D² + d²) / (8D)
```

वर्तुळाला सगळ्या दिशा सारख्याच, त्यामुळे गाभाही वर्तुळच असतो आणि वरची e ही त्याची त्रिज्या. व्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे (D² + d²)/(4D). गणितात सर्वाधिक चुका याच जागी होतात: कोणी कंसात बेरजेऐवजी वजाबाकी ठेवतो, तर कोणी गाभ्याचा व्यास काढून तोच उत्केंद्रता म्हणून वापरतो. भिंतीची जाडी t दिली असेल, तर d हा D − 2t असतो, D − t नव्हे. उत्तर ताडून पाहण्याचा सोपा मार्ग असा की भरीव वर्तुळासाठी (d = 0) ही मर्यादा D/8 येते आणि अगदी पातळ नळीसाठी ती D/4 च्या जवळ जाते. पोकळ छेदाचे उत्तर नेहमी या दोहोंच्या मध्येच पडले पाहिजे.

सूत्रात P कुठेच नाही. भार दुप्पट केला तरी गाभा तेवढाच राहतो, फक्त प्रतिबले दुप्पट होतात.

आता बाहेरचा व्यास ३०० मिमी, आतला २०० मिमी आणि भार २०० किलोन्यूटन असा स्तंभ घेऊ. क्षेत्रफळ ३९,२७० चौ. मिमी, म्हणून थेट दाब ५.०९ न्यूटन प्रति चौ. मिमी. अनुज्ञेय उत्केंद्रता ५४.२ मिमी. भार ४० मिमी सरकलेला असेल, तर जवळच्या कडेला ८.८५ आणि समोरच्या कडेला १.३३ इतका दाब राहतो. ५४.२ मिमीवर समोरची कडा शून्यावर येते आणि जवळच्या कडेचा दाब थेट दाबाच्या बरोबर दुप्पट, १०.१९ होतो. ८० मिमीवर समोर २.४३ इतका ताण दिसतो. तेवढ्याच क्षेत्रफळाचा भरीव स्तंभ २२३.६ मिमी व्यासाचा असता आणि त्याची मर्यादा जेमतेम २८ मिमी आली असती. माल तेवढाच, पण तो मध्यापासून दूर नेल्यामुळे सवलत जवळजवळ दुप्पट झाली. पोकळ छेदाचा खरा फायदा हाच.

भार दोन्ही अक्षांवरून सरकलेला असेल, तर प्रत्येक दिशा वेगळी तपासून भागत नाही. वरच्या स्तंभावर दोन्ही दिशांनी ४०-४० मिमी उत्केंद्रता असली, तर प्रत्येकी ती ५४.२ च्या आतच आहे. पण एकत्रित उत्केंद्रता वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून ५६.६ मिमी येते आणि समोरच्या कडेवर ताण येतो.

या उदाहरणातली आणखी एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. गाभ्याचा व्यास १०८ मिमी आहे आणि पोकळीचा २०० मिमी, म्हणजे सगळा गाभा पोकळीतच बसला. आतला व्यास बाहेरच्याच्या सुमारे ०.२७ पटींहून मोठा झाला की असेच होते, आणि वापरातले बहुतेक पोकळ स्तंभ या मर्यादेच्या पलीकडचे असतात. याचा अर्थ असा की तुळईचे टोक थेट भिंतीच्या एका बाजूवर टेकवले, तर भार गाभ्याबाहेरच पडतो. भिंतीच्या मधोमध, मध्यापासून १२५ मिमीवर टेकवल्यास समोरच्या कडेला ६.६६ इतका ताण येतो. म्हणून माथ्यावर पुरेशी जाड, न वाकणारी टोपीपट्टी ठेवून भार सगळ्या कड्यावर वाटून द्यावा लागतो. पट्टी पातळ असली तर ती वाकते, भार जवळच्या कडेकडे सरकतो आणि आराखड्यातली उत्केंद्रता प्रत्यक्षात उरत नाही.

विटांच्या धुराड्यात भार सरकत नाही, वारा येतो. तरीही तपासणी तीच. वाऱ्याचे नमन परिबल भागिले त्या पातळीवरील वजन, ही तिथली उत्केंद्रता. पायथ्याशी बाहेरचा व्यास ३ मी. आणि आतला २.४ मी. असेल, तर मर्यादा ०.६१५ मी. वजन १,५०० किलोन्यूटन असल्यास वाऱ्याचे परिबल सुमारे ९२० किलोन्यूटन-मीटरपर्यंत चालते. आतले उष्णतारोधक अस्तर स्वतंत्र उभे असेल, तर त्याचे वजन यात धरू नये. ते बाहेरच्या भिंतीला दाबत नाही आणि दुरुस्तीच्या वेळी काढलेही जाते. जाडी पायऱ्यापायऱ्यांनी बदलत असेल, तर जिथे जाडी बदलते ती प्रत्येक पातळी वेगळी तपासावी लागते.

मर्यादा ओलांडली गेल्याची खूण दाबाच्या बाजूला शोधू नये. ती समोरच्या बाजूला, आडव्या सांध्यात केसासारख्या बारीक भेगेच्या रूपाने दिसते. धुराड्यात ती ज्या बाजूने वारा येतो तिथे उघडते आणि वारा पडला की मिटते. भेग पडली की ताणाकडचा भाग कामातून जातो, उरलेला छेद लहान होतो आणि दुसऱ्या कडेचा दाब वरच्या सूत्रापेक्षा जास्त भरतो. त्यानंतर P/A आणि Pe/Z ची बेरीज वापरणे चूकच.

पोलादी किंवा ओतीव लोखंडी नळीच्या स्तंभाला थोडा ताण चालतो. तिथे गाभ्याची त्रिज्या e₀ आणि अनुज्ञेय ताण σ धरून उत्केंद्रता e₀(1 + σA/P) पर्यंत नेता येते. यात P आला, म्हणजे ही मर्यादा भारानुसार बदलते, आणि जवळच्या कडेचा दाबही वेगळा तपासावा लागतो. हे सगळे आखूड स्तंभापुरते आहे. सडपातळ स्तंभ भाराखाली वाकतो आणि तो बाक मूळ उत्केंद्रतेत मिळवला जातो, त्यामुळे माथ्यावर गाभ्याच्या आत असलेला भार मध्यउंचीवरच्या छेदात गाभ्याबाहेर गेलेला असू शकतो.