दुधाळ रक्त आणि तेलाचे दोन चमचे

‘तूप बंद केलं, आता सगळं ऑलिव्ह ऑइलमध्ये,’ असं सांगणाऱ्याच्या रक्तातल्या चरबीचा, म्हणजे ट्रायग्लिसराइडचा, आकडा १८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर त्या बदलाने फारसं काही साधत नाही. कोलेस्टेरॉलसाठी तेलाचा प्रकार महत्त्वाचा. इथे मोजायचे ते ग्रॅम.

कारण असं. जेवणातली चरबी आतड्यात कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या थेंबांत भरली जाऊन रक्तात उतरते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरचं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम ते थेंब रिकामे करतं. पण ट्रायग्लिसराइड ५०० ते १००० च्या पुढे गेलं, की या एन्झाइमचे हात पुरत नाहीत. नवं जेवण जुन्या थेंबांवर साचत जातं. असं रक्त नळीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, तर सकाळी वर चक्क साय धरते. स्वादुपिंडाच्या बारीक वाहिन्यांत हे थेंब फुटून मोकळी फॅटी ॲसिड्स सुटतात आणि तिथल्याच पेशी जाळतात. १००० च्या वर स्वादुपिंडाला अशी सूज येण्याची भीती खरी.

म्हणून अशा वेळी चरबी एकूण उष्मांकाच्या १० ते १५ टक्क्यांवर आणतात. १६०० कॅलरींचे १० टक्के म्हणजे १६०. ग्रॅमला ९ धरले, तर दिवसाला साधारण १८ ग्रॅम. पोळ्या, वरण, साय काढलेलं दूध यांतच चार-पाच ग्रॅम जातात. फोडणीचे पाच मिलीचे दोन चमचे तेल म्हणजे आणखी नऊ. उरले चार. आता उपासाच्या खिचडीत ३० ग्रॅम दाण्याचं कूट पडलं, तर त्यात एकट्यात १५ ग्रॅम! ‘खोबरेल म्हणजे एमसीटी’ ही जाहिरातही इथे फसवी आहे: त्यातलं लॉरिक ॲसिड बरंचसं कायलोमायक्रॉनमधूनच जातं. ते काही कायलोमायक्रॉन टाळून थेट यकृताकडे जाणारं औषधी एमसीटी तेल नव्हे. चरबी कमी केल्यावर भूक सरबतावर किंवा फळांच्या रसावर भागवली, तर यकृत त्या साखरेचंही ट्रायग्लिसराइड बनवतं.

दारू पूर्ण बंद. ‘फक्त शनिवारी’ हीही सूट नाही, कारण दारूमुळे यकृत जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडतं, आणि ते आधीच दमलेल्या त्याच एन्झाइमच्या वाट्याला येतं.

पोटाच्या वरच्या भागात दुखून कळ पाठीत गेली, तर ताबडतोब रुग्णालय. तिथे ट्रायग्लिसराइडचा नमुना दाखल होतानाच घ्यावा. उपाशी ठेवून सलाइन लावलं, की एक-दोन दिवसांत आकडा झपाट्याने उतरतो; मग तिसऱ्या दिवशी ४५० दिसतं आणि डिस्चार्ज कार्डावर ‘कारण अज्ञात’ किंवा नुसतं ‘दारू’ एवढंच उरतं. दुधाळ नमुन्यात स्वादुपिंडाची सूज ओळखायला मोजतात ते अमायलेज खोटंच नॉर्मल येऊ शकतं, सोडियम खोटंच कमी. म्हणून केस पेपरवर आकड्याशेजारी नमुन्याची वेळ, शेवटचं जेवण, दारू किती आणि कधी, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी, चालू औषधं आणि ‘सीरम दुधाळ’ ही लॅबची नोंद हवी. पुढच्या वेळी कळ आली, की नवा डॉक्टर आधी तेच पान उलटतो.