तीनास एक: जाहिरात खर्चाच्या एका मर्यादेची पार्श्वभूमी

ग्राहकाकडून त्याच्या संपूर्ण व्यवहारकाळात मिळणारे मूल्य (एलटीव्ही) हे तो ग्राहक मिळवण्याच्या खर्चाच्या (कॅक) किमान तिप्पट असावे, हा दंडक आज नंदुरबारची मिरची पावडर किंवा जळगावचे केळी वेफर्स थेट घरपोच विकणारे लहान उत्पादकही वापरतात. टपालाने माल विकणारे परदेशी व्यापारी असा हिशेब फार पूर्वीपासून ठेवत असत. मात्र तीनचा आकडा रूढ झाला तो 2010च्या सुमारास, मासिक वर्गणीवर सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे गुंतवणूकदार यांच्यामुळे. त्याच्या जोडीला दुसरी अटही होती, की ग्राहक मिळवण्याचा खर्च बारा महिन्यांच्या आत वसूल व्हावा. खानदेशात हा दंडक पोहोचला तेव्हा ही दुसरी अट बहुतेकांच्या हिशेबातून गळून गेली, आणि माझ्या मते नुकसानीचे मोठे कारण तेच आहे.

त्याहून मोठा वाद एलटीव्ही विक्रीवर मोजायचा की शिल्लक राहणाऱ्या पैशावर, हा आहे. सॉफ्टवेअरमध्ये एक ग्राहक वाढल्याने थेट खर्च फारसा वाढत नाही, त्यामुळे विक्रीचा आकडा घेतला तरी चूक मर्यादित राहते. मसाल्याच्या धंद्यात मात्र प्रत्येक पुडक्यामागे मिरची, दळणावळ, पॅकिंग आणि कुरिअर येते. समजा, नंदुरबारचा एक विक्रेता 600 रुपयांची ऑर्डर पाठवतो. तिच्यात मालाचे 230, पॅकिंगचे 30, कुरिअरचे 80 आणि पैसे स्वीकारण्याचे शुल्क व परत आलेल्या पार्सलांचा वाटा मिळून 20 रुपये जातात, उरतात 240. ग्राहक दोन वर्षांत सरासरी चार ऑर्डर देतो असे धरले, तर विक्रीवर एलटीव्ही 2,400 येते आणि शिल्लकीवर 960. महिन्याला 80,000 रुपयांच्या जाहिरातीतून 200 नवे ग्राहक मिळतात, म्हणजे कॅक 400. एकाच धंद्याचे गुणोत्तर एका पद्धतीने 6 आणि दुसऱ्या पद्धतीने 2.4 निघते. पहिला आकडा पाहणारा खर्च वाढवतो, दुसरा पाहणारा थांबतो.

आता त्याने खर्च 1,20,000 केला आणि ग्राहक 260 झाले असे समजू. जादा 40,000 रुपयांत 60 ग्राहक आले, म्हणजे त्यांचा प्रत्येकी खर्च सुमारे 667 रुपये पडला. जाहिरात अधिक दूरवर, खानदेशी चवीची सवय नसलेल्या लोकांपर्यंत नेली की नवे ग्राहक कमी वेळा परततात. इथे त्यांच्या ऑर्डर सरासरी अडीच धरू. त्यांच्याकडून शिल्लक 600 रुपये, म्हणजे एकूण 36,000, जी त्यांच्यावर केलेल्या खर्चापेक्षा 4,000 रुपयांनी कमी आहे. तरीही सर्व 260 ग्राहकांचे विक्रीवरचे सरासरी गुणोत्तर 4.75 भरते, आणि तीनची मर्यादा पाळली गेली असे कागदावर दिसते. सरासरी गुणोत्तर आधीच्या चांगल्या ग्राहकांच्या आड नव्या खर्चाचे नुकसान लपवते. म्हणून मर्यादा लावायची तर ती शेवटी वाढवलेल्या रकमेवर, शिल्लकीच्या हिशेबाने लावली पाहिजे, याबद्दल निदान माझ्या मनात शंका नाही.

हा वाद खानदेशात उशिरा उठला, कारण आडत आणि दुकानदारांमार्फत विक्री होती तोवर ग्राहक मिळवण्याचा खर्च दुकानदाराच्या कमिशनमध्ये मिसळलेला असे. 2016 नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला, 2020च्या टाळेबंदीत घरपोच मागणी वाढली, आणि हा खर्च प्रथमच जाहिरातीच्या बिलाच्या रूपाने वेगळा दिसू लागला. एप्रिल 2021मध्ये एका मोठ्या फोन-उत्पादकाने ॲपना वापरकर्त्याचा माग काढण्यासाठी परवानगी सक्तीची केली. त्यानंतर कोणता ग्राहक कोणत्या जाहिरातीतून आला हे सांगणे अवघड झाले आणि कॅकचा आकडाही अंदाजाचा बनला.

हंगामाचा प्रश्न तर सॉफ्टवेअरच्या सूत्रात मुळातच नव्हता. त्या सूत्रात दरमहा गळणाऱ्या ग्राहकांच्या प्रमाणावरून आयुष्य काढतात: दरमहा पाच टक्के गळती म्हणजे वीस महिने. वर्षाचे तिखट उन्हाळ्यात एकदाच भरून ठेवणारे घर मात्र ऑक्टोबरमध्ये काहीच मागवत नाही, म्हणून ते गळाले असे ठरत नाही. आणि दिवाळीच्या सवलतीसाठी आलेला ग्राहक पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तपासताच येत नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये आलेल्यांचा गट आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्यांचा गट वेगळा ठेवून प्रत्येकाची पुनर्खरेदी त्याच हंगामाशी ताडून पाहावी लागते. तोवर आयुष्याचा आकडा अंदाजच असल्याने, काही विक्रेते एलटीव्हीऐवजी पहिल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष हातात आलेली शिल्लक धरतात. हिवाळ्यात नवी मिरची रोखीने भरणाऱ्याला दोन वर्षांनी येणाऱ्या पैशावर त्या हंगामाची खरेदी करता येत नाही.