वाघ वाक्याच्या शेवटी यायला हवा

‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ ही गोष्ट मी भाचीला पहिल्यांदा सांगितली, तेव्हा वाघ अगदीच वाया गेला. म्हातारी काठी टेकत लेकीकडे निघालेली, जंगल दाट झालेलं, आणि मी म्हणालो, “तेवढ्यात झाडामागून वाघ बाहेर आला.” पाच वर्षांची भाची चादरीचा सुटलेला दोरा ओढत होती, ती ओढतच राहिली. दुसऱ्या रात्री तेच वाक्य मी असं सांगितलं: “तेवढ्यात झाडामागे सळसळ झाली... आणि बाहेर आला...” इथे थांबलो. दोरा सुटला. तिची नजर माझ्या तोंडाकडे लागली आणि मी बोलायच्या आत तीच ओरडली, “वाघ!”

शब्द जवळजवळ तेच होते, बदलली होती त्यांची जागा. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं, त्यामुळे सरळ वाक्यात वाघ मधेच येऊन जातो आणि ‘बाहेर आला’ हे शिळं शेपूट मागे उरतं. सुदैवाने आपली भाषा शब्द हलवू देते. कर्ता क्रियापदाच्या पलीकडे ठेवला की ऐकणाऱ्याला कळतं, कोणीतरी आलंय, पण कोण ते अजून सांगितलेलं नाही. ती रिकामी जागा मूल स्वतःच्या अंदाजाने भरायला लागतं. उत्कंठा तयार होते ती तिथे.

पण ही युक्ती एका बारीक चुकीने फसते. थांबण्याआधीच्या शब्दावर आवाज खाली उतरला, तर सगळं मुसळ केरात. बोलताना वाक्य संपलं की आपला सूर खाली जातो, आणि मुलं ही खूण फार लहानपणापासून ओळखतात. ‘बाहेर आला’ म्हणताना सूर पडला की मुलाच्या लेखी वाक्य संपलं, आणि पुढची शांतता म्हणजे नुसता खंड. त्यामुळे ‘आला’चा शेवटचा ‘आ’ किंचित लांबवायचा आणि सूर तिथेच, वर टांगून ठेवायचा. फोनवर स्वतःचं सांगणं रेकॉर्ड करून ऐकलंत तर हा फरक लगेच कानाला कळतो. मी ऐकलं तेव्हा लक्षात आलं की थांबण्याआधी माझा सूर दर वेळी पडत होता.

मग थांबायचं किती? २००९ साली दहा भाषांमधल्या गप्पांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो, आणि भाषाभाषांमध्ये त्यात फार फरक पडत नाही, असं त्यात दिसलं. आपले कान इतक्या छोट्या फटीला सरावलेले असतात, म्हणून एका सेकंदाची शांतताही ठळक वाटते आणि दोन सेकंद तर भलतेच मोठे होतात. वाघाआधी एक संथ श्वास आत घेण्याइतका वेळ मला पुरेसा वाटतो. घड्याळापेक्षा मुलाचे डोळे खरं सांगतात. ते तुमच्या ओठांवर आहेत तोवर थांबा, दाराकडे वळले की उशीर झाला. आणि एका गोष्टीत असं थांबणं दोन-तीनदाच. दर वाक्याला थांबलात तर फट पुन्हा ओळखीची होऊन बसते.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी गोष्टी सांगणाऱ्यांचे आवाज तपासून २००६ साली उत्कर्षाचे दोन प्रकार मांडले. एकात आवाज अचानक वर उडतो. दुसऱ्यात सूर हळूहळू चढत जातो, वेग कमी होतो आणि खरी गोष्ट उघड होण्याआधी विराम येतो. आपला वाघ दुसऱ्या प्रकारातला. भोपळा उतारावर सुटतो ती जागा पहिल्या प्रकारची. दोन्ही ठिकाणी सारखंच ओरडलं, तर दोन्ही सपाट होतात.

आता वाघाचा आवाज. बहुतेक जण घसा दाबून खर्ज काढू पाहतात, आणि दोन पानांत घसा खरवडतो. मोठ्या पुरुषाच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण १००-१२५ वेळा कंप पावतात, बाईच्या बोलण्यात सुमारे २००. त्याखाली आपल्याला थोडंच उतरता येतं. पण प्राणी केवढा आहे, हे कान फक्त त्यावरून ठरवत नाही. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची नळी किती लांब, हेही तो ऐकतो. पुरुषात ती सुमारे १७ सेंटिमीटर असते, बाईत त्याहून आखूड. नळी लांब झाली की आवाज मोठ्या देहातून आल्यासारखा घुमतो. तांबडा हरीण नर डरकाळताना आपलं स्वरयंत्र छातीच्या हाडाकडे खाली ओढतो आणि आहे त्याहून मोठा वाटतो, हे २००१ साली दाखवलं गेलं.

आपणही हेच करू शकतो. जांभई येण्याच्या सुरुवातीला घसा जसा सैल होऊन खाली जातो तसा ठेवायचा, ओठ गोल करून पुढे काढायचे, आणि हळू बोलायचं: “म्हातारे, मी तुला खाऊ?” जोर लागत नाही. कोल्ह्यासाठी उलट. ओठ हसल्यासारखे ताणले की नळी आखूड होते आणि बारीक, चटपटीत आवाज आपोआप निघतो. “लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा” हे म्हातारीचं बोलणं मी ठेका धरून, जवळजवळ माझ्याच आवाजात म्हणतो. तिसऱ्या खास आवाजाची भर घातली की मी स्वतःच गोंधळतो, वाघ कोल्ह्यासारखा बोलायला लागतो, आणि मुलं ती चूक लगेच पकडतात.

भोपळ्यातून येणारा आवाज मात्र तळहाताने होतो. तोंडावर हात वाटीसारखा धरून “म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक” म्हणा. जाड सालीतून उंच सुराचे आवाज फारसे बाहेर येत नाहीत, खालचे येतात. हातही तेच करतो. बोलणं बोथट होतं आणि म्हातारी खरंच आत बसल्यासारखी वाटते. ‘टुणुक टुणुक’ला हात झटकन काढला की भोपळा उसळी मारतो.

एका जागी मात्र आवाज कमी पडतो. कोल्हा गोड बोलून म्हातारीला थांबवतो, तेव्हा मोठ्या माणसाला त्याच्या सुरातला लबाडपणा ऐकू येतो. २००१ सालच्या एका प्रयोगात वाक्यातली भावना आणि बोलण्याचा सूर मुद्दाम परस्परविरुद्ध ठेवले होते. मोठी माणसं सुरावर गेली, चार वर्षांची मुलं बहुतेक शब्दांवर. म्हणजे ‘आजी, किती छान दिसतेस’ असं कितीही कावेबाजपणे म्हटलं, तरी छोट्याला ते कौतुकच वाटू शकतं, आणि मग पुढे कोल्हा दात दाखवतो ते त्याला कुठूनच आलेलं नसतं.

म्हणून तिथे मी कोल्ह्याचा आवाज सोडून माझ्या आवाजात एक वाक्य घालतो: “बोलणं गोड होतं, पण पोटात भूक होती.” भाचीच्या नऊ वर्षांच्या दादाला ते वाक्य नको असतं, तो आधीच हसत असतो. दोघं शेजारी बसले असले की ते मी कुजबुजत, तिच्याकडे वळून सांगतो.