गाडी लागते त्यांना जुनीच गोळी का?

स्वारगेट एसटी स्टँडजवळच्या मेडिकलच्या काउंटरमागे मी सतरा वर्षं उभा आहे. मे महिन्यात सकाळी साडेपाचला शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. "महाबळेश्वरला चाललोय, गाडी लागते, गोळी द्या." गेल्या उन्हाळ्यात सहकारनगरच्या एका बाईंनी वेगळाच प्रश्न विचारला. त्यांना धुळीची ॲलर्जी आहे आणि पर्समध्ये सेटिरिझिनची पट्टी कायम असते. "ॲव्होमिनने दिवसभर गुंगी येते हो. ही पण अँटीहिस्टामिनच आहे ना? मग हीच घेतली तर?" गर्दी होती, बस लागलेली होती, मी "नाही, तिचा उपयोग होणार नाही" एवढंच म्हणालो आणि ॲव्होमिनची पट्टी हातात ठेवली. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी सेटिरिझिन घेतली, कात्रज आणि खंबाटकी निभावून नेलं, आणि वाईच्या पुढे पसरणीच्या घाटात तिसऱ्या वळणाला पिशवी मागितली.

त्यांच्या प्रश्नात चूक काहीच नव्हती. दोन्ही गोळ्या खरंच एकाच घराण्यातल्या आहेत. एक उपयोगी पडते आणि दुसरी पडत नाही, याचं उत्तर त्या घराण्याच्या इतिहासातच आहे.

हिस्टामिन हा शरीरातलाच पदार्थ. शिंका, नाकातून पाणी, अंगावर पित्त उठणं, खाज, या सगळ्यामागे तो असतो. इंग्लंडमध्ये हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1910च्या सुमारास त्याचे परिणाम तपशिलात मांडले. त्याला अडवणारा पहिला रेणू 1937 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनियल बोव्हे आणि ॲन-मेरी स्टॉब यांच्या हाती लागला. तो माणसाला देण्याजोगा नव्हता, फार विषारी होता, पण वाट सापडली. 1940च्या दशकात एकामागून एक औषधं आली. अमेरिकेत डायफेनहायड्रामिन, म्हणजे आपल्याकडे बेनाड्रिल सिरपमुळे घरोघरी पोचलेलं औषध, आणि फ्रान्समध्ये प्रोमेथाझिन. बोव्हेंना 1957 चं नोबेल मिळालं.

या पहिल्या पिढीचे रेणू लहान आणि चरबीत सहज विरघळणारे. रक्तातून मेंदूत जाताना जी बारीक गाळणी लागते, ती ते विनासायास ओलांडतात. आणि मेंदूत हिस्टामिनचं काम अगदी वेगळं आहे, तिथे ते आपल्याला जागं ठेवतं. म्हणजे नाकासाठी घेतलेली गोळी मेंदूतल्या जागेपणावरही हात ठेवते. झोप येते ती यामुळे. ती गोळीतली भेसळ नाही की अशक्तपणा नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती पाकिटावर ठळक दिसत नाही. या जुन्या रेणूंची ठेवण ॲसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या एका निरोप्याशी मिळतीजुळती आहे. पेशींवर जिथे हे निरोपे येऊन बसतात, ती त्यांची कुलुपं. जुने रेणू हिस्टामिनच्या जोडीला ॲसिटिलकोलिनचीही कुलुपं अडवून बसतात. ॲसिटिलकोलिन लाळ सोडतं, आतडी हलवतं, जवळचं वाचताना डोळ्याची नजर जुळवतं, मूत्राशय आकुंचित करतं. ते अडलं की तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, अक्षरं धूसर दिसतात, लघवी अडकते. धोतऱ्याच्या बिया खाल्लेल्या माणसात हेच सगळं टोकाला गेलेलं दिसतं. आणि धोतऱ्यातलं एक द्रव्य, हायोसिन, दुसऱ्या महायुद्धात बोटींवरच्या सैनिकांना मळमळ होऊ नये म्हणून देत होते. हा धागा लक्षात ठेवा.

आता बाल्टिमोर, 1947. जॉन्स हॉपकिन्समध्ये लेस्ली गे आणि पॉल कार्लाइनर हे डॉक्टर ॲलर्जीच्या रुग्णांवर एक नवं औषध तपासत होते, डायमेनहायड्रिनेट. हे डायफेनहायड्रामिनच, फक्त झोप कमी यावी म्हणून त्याला कॅफीनच्या नात्यातल्या क्लोरोथिओफिलिनची जोड दिलेली. अंगावर पित्त उठणारी एक बाई दवाखान्यात ट्रामने यायची आणि तिला ट्राम लागायची, आयुष्यभर. तिने सांगितलं, ही गोळी घेऊन निघालं की मळमळत नाही. डॉक्टरांनी तिला न सांगता नुसती बिनऔषधाची गोळी दिली, तर त्रास परत आला. पुन्हा खरी गोळी दिली, त्रास गेला.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1948 मध्ये, 'जनरल बॅलू' नावाचं सैन्याचं जहाज न्यूयॉर्कहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफनला निघालं. त्यावर 1,300 हून अधिक सैनिक, अटलांटिक हिवाळ्याचा आणि खवळलेला. काहींना औषध दिलं, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. ज्यांना औषध मिळालं त्यातल्या जवळजवळ कुणालाच त्रास झाला नाही, दुसऱ्यांतले मात्र बरेच जण आडवे झाले. गाडी लागण्यावर अँटीहिस्टामिन चालतं हे जगाला कळलं ते या प्रवासातून. पुण्यात आपण जी ॲव्होमिन मागतो, ती प्रोमेथाझिन थिओक्लेट. त्यातलं 'थिओक्लेट' म्हणजे तीच क्लोरोथिओफिलिनची जोड. झोप मात्र त्या जोडीने फारशी हटली नाही, हे कोणताही प्रवासी सांगेल.

पण शिंकांच्या गोळीचा आणि मळमळीचा संबंध काय? घाटात बस वळते तेव्हा कानातला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला सांगतो की आपण हेलकावतोय. डोळे मात्र समोरच्या सीटकडे किंवा मोबाइलकडे असतात आणि सांगतात की सगळं स्थिर आहे. हे दोन निरोप जिथे पोचतात, त्या मेंदूच्या तळातल्या केंद्रांपासून उलटीच्या केंद्रापर्यंतची बातमी हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन या दोघांमार्फत जाते. जुनी गोळी आत शिरते आणि दोघांनाही अडवते. धोतऱ्यातलं हायोसिन फक्त ॲसिटिलकोलिन अडवतं आणि तरी उत्तम चालतं. त्यामुळे जुन्या गोळीच्या यशात तोंड कोरडं पाडणाऱ्या गुणाचा वाटा मोठा आहे, असं अनेक औषधशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्या दोन गोष्टींबद्दल गिऱ्हाईक माझ्याकडे तक्रार करतं, त्याच दोन वाटांनी गोळी काम करते.

दुसऱ्या पिढीचा सगळा खटाटोप या दोन गोष्टी काढून टाकण्याचा होता. 1980च्या दशकात टर्फेनाडिन आलं. झोप नाही, तोंड कोरडं नाही, आणि ते हातोहात खपलं. मग 1990 मध्ये अमेरिकेतल्या एका 39 वर्षांच्या बाईची नोंद प्रसिद्ध झाली. टर्फेनाडिनबरोबर बुरशीवरचं कीटोकोनाझोल घेतल्यावर तिच्या हृदयाचा ठोका धोकादायक रीतीने बिघडला होता. टर्फेनाडिनचं यकृतात लगेच दुसऱ्या रेणूत रूपांतर होतं, आणि ॲलर्जीवरचं काम तो दुसरा रेणू करतो. कीटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन यकृतातलं हे काम रोखतात. मग मूळ टर्फेनाडिन रक्तात साचतं आणि हृदयावर उठतं. त्या निरुपद्रवी दुसऱ्या रेणूचं नाव फेक्सोफेनाडिन. 1996 मध्ये तोच औषध म्हणून आला आणि त्यानंतर टर्फेनाडिन बाजारातून गेलं. सेटिरिझिनची जन्मकथाही अशीच. हायड्रॉक्सिझिन या जुन्या, झोप आणणाऱ्या औषधाचं शरीरात जे होतं, ते सेटिरिझिन.

हे नवे रेणू मेंदूच्या गाळणीशी अडतात. जे थोडे आत जातात, त्यांना तिथला पहारेकरी प्रथिनं परत बाहेर ढकलतात. जपानी संशोधकांनी मेंदूची चित्रं घेऊन मोजलं आहे. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन नेहमीच्या मात्रेत मेंदूतली निम्मी हिस्टामिन-कुलुपं व्यापतं, सेटिरिझिन 10 मिग्रॅ साधारण आठवा भाग, आणि फेक्सोफेनाडिन जवळपास शून्य. सेटिरिझिनने काहींना डुलकी येते ती त्या आठव्या भागामुळे. पण तेवढ्याने पसरणीचा घाट निभत नाही. 2003 मध्ये सेटिरिझिन आणि फेक्सोफेनाडिन या दोन्ही गोळ्या मुद्दाम गाडी लागण्यावर तपासल्या गेल्या, आणि दोन्ही निष्फळ ठरल्या. सहकारनगरच्या बाईंचा प्रयोग म्हणजे त्याचीच पुनरावृत्ती.

परतताना त्यांनी फोन केला. मी विचारलं, गाडी किती वाजता? सकाळी सात. मग प्रोमेथाझिनची 25 मिग्रॅची एक गोळी आदल्या रात्री नऊला घ्या असं सांगितलं. औषध बारा-चौदा तास अंगात टिकतं आणि गुंगीचा जोर झोपेतच ओसरतो. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेणं वाया जातं, कारण तेव्हा पोटाची हालचालच थांबलेली असते. गोळी पोटात तशीच पडून राहते आणि उलटीबरोबर बाहेर येते. बाई पुण्यापर्यंत अर्धवट पेंगत, पण एकदाही पिशवी न मागता आल्या.

त्याच पट्टीतल्या दोन गोळ्या मात्र त्यांच्या सासऱ्यांनी घेतल्या होत्या. वय 72, प्रोस्टेट वाढलेली, रात्री लघवीला चारदा उठणारे. "सूनबाईला चांगला गुण आला, मला पण डोकं गरगरतंय" म्हणून एक रात्री आणि एक सकाळी. दुपारी पुण्यात उतरले तेव्हा सकाळपासून लघवी झालेली नव्हती आणि ओटीपोट टणक झालं होतं. त्यांना जागा-वेळ नीट सांगता येईना, घरच्यांना वाटलं प्रवासाचा शीण. दवाखान्यात नळी घालून जवळजवळ एक लिटर लघवी काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा पहिल्यासारखे बोलू लागले. आधीच अरुंद झालेली वाट, त्यात मूत्राशयाला ढकलणारं ॲसिटिलकोलिन गोळीने अडवलेलं. वृद्धांच्या मेंदूलाही या निरोप्याची तूट सोसत नाही, म्हणून तो गोंधळ. काचबिंदूचा एक प्रकार असतो ज्यात डोळ्यातली वाट अरुंद असते, तिथेही हीच गोळी दाब वाढवू शकते.

ती पट्टी मीच दिली होती. घरात आणखी कोण कोण प्रवासाला आहे हे विचारलं नव्हतं. आता विचारतो. दोन वर्षांखालच्या मुलासाठी प्रोमेथाझिन मागितलं तर देत नाही, त्या वयात श्वास मंदावण्याचा धोका आहे. जो गाडी चालवणार आहे त्याला देत नाही. सर्दीची गोळी चालू आहे का हेही विचारतो, कारण तिच्यात बहुधा क्लोरफेनिरामिन असतं आणि मग गुंगी व कोरड दोन्ही दुप्पट होतात. आणि साठीच्या पुढचे पुरुष असतील तर थेट विचारतो, रात्री लघवीला किती वेळा उठता? गर्दीत हा प्रश्न ऐकून लोक बिचकतात.

सहकारनगरचे आजोबा यंदा पुन्हा महाबळेश्वरला गेले. गोळी घेतली नाही. ड्रायव्हरच्या मागची खिडकी, नजर समोरच्या रस्त्यावर, पोटात फक्त दोन इडल्या, आणि वाईला दहा मिनिटं खाली उतरून उभे राहिले.