कमी पाण्याच्या घरात वॉशडाउन की सायफॉनिक? दोन कमोडांची पार्श्वभूमी

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये बाथरूमचं नूतनीकरण निघालं की टाइल्सवर महिनाभर चर्चा होते आणि कमोड मात्र शोरूममध्ये रंग-आकार बघून दहा मिनिटांत ठरतं. बिलावर ‘वॉशडाउन’ की ‘सायफॉनिक’ एवढा एक शब्द असतो, तो कुणी वाचत नाही. पण जिथे पाणी वेळेवर सुटतं आणि वेळेवर बंद होतं, तिथे त्या शब्दावर पुढची पंधरा-वीस वर्षं अवलंबून असतात. हे दोन प्रकार कुठून आले ते पाहिलं की असं का, ते कळतं.

दोघांचा पूर्वज एकच. 1775 मध्ये अलेक्झांडर कमिंगने लंडनमध्ये पेटंट घेतलं, त्यात भांड्याखालच्या नळीला बाक होता. बाकात पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास वर येत नाही. प्लंबर ज्याला ‘ट्रॅप’ आणि ‘वॉटर सील’ म्हणतात ते हेच. त्यातली घाण पुढे कशी ढकलायची, या प्रश्नावर पुढच्या शतकात दोन वाटा फुटल्या.

इंग्लंडमध्ये पाणी जपून वापरायची सक्ती होती. लंडनसाठी 1871 च्या कायद्याखाली जे नियम झाले त्यांनी एका फ्लशला दोन गॅलन, म्हणजे साधारण 9 लिटर, एवढीच मर्यादा घातली. एवढ्यात काम उरकायचं तर पाण्याला जोर हवा. म्हणून टाकी माणसाच्या डोक्यावर, भिंतीवर उंच टांगली जायची आणि साखळी ओढली की पाणी वरून आदळायचं. ठाण्यातल्या जुन्या चाळींमध्ये ती लोखंडी टाकी आणि साखळी अनेकांनी पाहिली असेल. 1880 च्या दशकात टॉमस ट्वायफर्डसारख्या कुंभारकामातल्या उद्योजकांनी चिनी मातीचं एकसंध भांडं बाजारात आणलं आणि त्या दशकाच्या अखेरीस वॉशडाउनचा आजचा आकार स्थिरावला: तीव्र उताराचं भांडं, तळाशी थोडं पाणी, मागे आखूड आणि रुंद ट्रॅप. रिममधून आलेलं पाणी घाण अक्षरशः ढकलून बाहेर काढतं. यात दुसरी कोणतीही युक्ती नाही.

सायफॉनिकमध्ये युक्ती आहे. तिची पेटंटं इंग्लंडमध्येही 1870 च्या सुमाराला निघाली होती, पण ती रुजली अमेरिकेत. त्यात भांड्यामागची नळी अरुंद आणि लांब असते, साधारण दोन इंचांची, वर चढून मग खाली उतरणारी. टाकीचं पाणी झपाट्याने आलं की ही नळी पूर्ण भरते, आतली हवा निघून जाते आणि उतरणारं पाणी मागचं पाणी खेचून घेतं. डब्यातून रॉकेल काढताना नळी तोंडाने ओढायचे तेच तत्त्व. भांडं रिकामं होत आलं की नळीत हवा शिरते, ‘घुर्र’ असा आवाज होतो आणि ओढ तुटते. अनेक मॉडेलमध्ये तळाशी समोरच्या बाजूला एक भोक असतं. त्यातून येणारा झोत नळी लवकर भरायला मदत करतो.

अमेरिकेत पाण्याची ददात नव्हती. एका फ्लशला 13 लिटर आणि त्याहूनही जास्त पाणी जायचं. बदल्यात पसरट पाणी, कमी डाग, कमी आवाज मिळायचा. 1992 च्या ऊर्जा कायद्याने नव्या कमोडांना 6 लिटरची मर्यादा घातली तेव्हा सुरुवातीच्या मॉडेलना दोनदा फ्लश करावं लागे अशी ओरड झाली, आणि कंपन्यांना नळी व झडप नव्याने आखावी लागली. उलट वॉशडाउनला पाणी कमी करणं सोपं गेलं. ऑस्ट्रेलियात 1980 मध्ये दोन बटणांचा फ्लश आला तो याच जातीच्या भांड्यावर. आपल्याकडे 1960 मध्ये ट्वायफर्डच्याच सहकार्याने हिंदुस्थान ट्वायफर्ड्स ही कंपनी स्थापन झाली, आणि भारतीय घरांत ‘कमोड’ म्हणून जे रुळलं ते बहुतेक वॉशडाउनच. सायफॉनिकची लाट नंतरची, वन-पीस कमोडांच्या देखणेपणावर स्वार होऊन आलेली.

आता पाणी कमी म्हणजे नेमकं काय, हे आधी वेगळं करायला हवं. टाकीवाल्या कमोडमध्ये नळाचा दाब फ्लशच्या जोराशी संबंधित नसतो. टाकी हळू भरेल एवढंच. मिनिटाला एक लिटर येत असेल तर 6 लिटरला सहा मिनिटं. (टाकीशिवाय थेट फ्लश वॉल्व्ह असेल तर गोष्ट वेगळी: गच्चीवरच्या टाकीखालच्याच मजल्यावर दाब नसतो, तिथे तो वॉल्व्ह घेऊच नये.) खरी अडचण पाणी बंद असतानाची आहे. टाकीत एक फ्लश शिल्लक असतो, पुढचं सगळं बादलीवर.

समजा घरात चार माणसं आहेत, प्रत्येकाचा दिवसाला एक मोठा आणि चार छोटे फ्लश. वॉशडाउन 6 आणि 3 लिटरचं असेल तर 24 अधिक 48, म्हणजे 72 लिटर. सायफॉनिकवरही तीच दोन बटणं असतात, पण अर्ध्या बटणाचं पाणी नळी भरायला पुरलं नाही तर ओढ सुरूच होत नाही, पाणी नुसतं फिरून कडेवरून सांडतं. मग लोक सरळ मोठं बटण दाबतात: वीस गुणिले 6, म्हणजे 120 लिटर. रोजचा फरक 48 लिटर, तीन बादल्या.

बादलीने फ्लश करताना हा फरक आणखी ठळक होतो. वॉशडाउनमध्ये जेवढं ओताल तेवढं काम होतं. लघवीसाठी दोन-तीन मग पुरतात. सायफॉनिकमध्ये बादली एका दमात रिकामी करावी लागते. सावकाश ओतलं तर सगळं जागेवर गरगरत राहतं. शिवाय ओढ लागली की सीलचं पाणीही बरंचसं खेचलं जातं. एरवी टाकी भरताना एक बारीक नळी ते परत भरून देते. शटडाउनच्या दिवशी टाकीच भरत नाही, सील उथळ राहतं आणि दुपारपर्यंत बाथरूममध्ये गटाराचा वास येतो. अनेक जण तेव्हा जाळी आणि सांध्यांवर संशय घेतात.

तिसरी गोष्ट क्षारांची. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर रिमची भोकं आणि तळाचं झोताचं भोक पांढऱ्या थराने बुजत जातं. वॉशडाउनमध्ये त्याने डाग वाढतात. सायफॉनिकमध्ये ओढच लागेनाशी होते, आणि लोक टाकी बदलतात.

म्हणून नव्याने घेत असाल तर वॉशडाउन घ्या, तळाशी डाग थोडे जास्त पडतील हे मान्य करून. अनेक फ्लॅटमध्ये हा प्रश्न पाइपच सोडवतो: मैल्याचा पाइप भिंतीतून निघत असेल, म्हणजे पी-ट्रॅप, तर बहुतेक सायफॉनिक मॉडेल तिथे बसतच नाहीत, कारण त्यांचा निकास जमिनीत, भिंतीपासून साधारण फूटभर अंतरावर लागतो. घरात सायफॉनिक आधीच असेल तर ते काढून टाकायची गरज नाही. शटडाउनच्या आदल्या रात्री एक बादली वेगळी भरून ठेवा, आणि बादलीने फ्लश केल्यावर शेवटी दोन मग पाणी अगदी सावकाश ओता, म्हणजे ओढ न लागता सील भरून राहील.